सहा दिवसांत बाळाचे वजन २६९ ग्रॅमने कमी कसे झाले? (नवव्या महिन्यातील सोनोग्राफी)

फुलेवाडीची थोरली

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी नुकतीच माहेरी आली आहे. तिचे सासर इचलकरंजीचे. खरे तर सातव्या महिन्यातच यायचे ठरले होते, पण तिची बँकेची नोकरी असल्यामुळे येणे लांबत गेले. निघण्यापूर्वी तिची तिथे सोनोग्राफी झाली, तेव्हा ३६ आठवडे २ दिवस झाले होते आणि बाळाचे अंदाजे वजन ३०२१ ग्रॅम आले होते. कोल्हापुरात ज्या डॉक्टर मॅडमकडे नाव घातले आहे त्यांनी आपल्या नोंदीसाठी पुन्हा सोनोग्राफी सांगितली, ती आज दुसऱ्या केंद्रात झाली. आज ३७ आठवडे १ दिवस आहे आणि वजन आले आहे २७५२ ग्रॅम.

म्हणजे सहा दिवसांत वाढायच्या ऐवजी २६९ ग्रॅम कमी. पहिल्या रिपोर्टवर पर्सेंटाइल ६५ लिहिले होते, आजच्यावर २१ आहे. पाणी ११ सेंटीमीटर आहे, डॉप्लर नॉर्मल आहे आणि बाळाची हालचालही पूर्वीसारखीच आहे. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि "बाळ पोटात वजन गमावत नाही, माप चुकते, दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहू" एवढेच सांगितले. त्यांच्यावर आमचा विश्वास आहे, पण बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना आणखी काही विचारायला जीभ रेटली नाही. इचलकरंजीहून मात्र सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले आणि "माहेरी जाऊन पोर वाळले" असा त्यांचा सूर आहे.

दोन्ही रिपोर्टवर `Hadlock (HC, AC, FL)` असेच लिहिले आहे. एकाच सूत्राने इतका फरक पडतो तो नेमका कुठून, हे कुणी समजावून सांगेल का?

आक्का गडहिंग्लजकर

मुलीला खायला नीट मिळते का ते आधी बघा. आठवा-नववा लागला की दूध, डिंक-खारकेचे लाडू आणि नाचणीची आंबील सकाळ-संध्याकाळ दिली पाहिजे. माझ्या दोन्ही सुनांची बाळे तीन किलोच्या वरची झाली.

फुलेवाडीची थोरली

आक्का, खाण्यापिण्याचे व्यवस्थित आहे, आईचा तोच उद्योग चालू असतो. माझा प्रश्न वजन कसे वाढवावे हा नसून ते मोजताना काय घडते हा आहे.

गगनबावडा

माझ्या मते इथे तारखेचा घोळ आहे. पहिल्या केंद्राने शेवटच्या पाळीवरून आठवडे धरले असतील आणि दुसऱ्याने पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून. आठवडे बदलले की वजन बदलणारच. आमच्या घरीही एकदा तारीख आठ दिवसांनी पुढे गेली होती आणि वजनाचा सगळा हिशेब बदलला होता.

शिरोली साचा

मी डॉक्टर नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात आहे आणि दिवसभर कास्टिंगची मापे घेणे हेच माझे काम आहे. माझ्या मुलीच्या वेळी असाच घोळ झाल्यावर मी हे सूत्र शोधून एक्सेलमध्ये घालून ठेवले होते. ते असे आहे. सर्व मापे सेंटीमीटरमध्ये आणि उत्तर ग्रॅममध्ये:

```
log10(EFW) = 1.326 - 0.00326*AC*FL + 0.0107*HC
             + 0.0438*AC + 0.158*FL
```

यात HC म्हणजे डोक्याचा घेर, AC म्हणजे पोटाचा घेर आणि FL म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. गगनबावडा यांनी एक गोष्ट पाहावी की या सूत्रात आठवडे कुठेच नाहीत. तारीख काहीही असली तरी ग्रॅम तेच येतात.

मला संशय यंत्राचा आहे. आमच्याकडे व्हर्नियर ठरावीक मुदतीत तपासला नाही तर ऑडिटर लाल शेरा मारतो. दोनपैकी एका केंद्राचे यंत्र कॅलिब्रेट केलेले नसणार, आणि माझा अंदाज दुसऱ्या केंद्रावर आहे. ताई, दोन्ही रिपोर्टवरची ही तीन मापे द्या, मी गणित करून दाखवतो.

फुलेवाडीची थोरली

पहिला रिपोर्ट: `HC 32.4  AC 33.2  FL 7.1`

दुसरा रिपोर्ट: `HC 32.6  AC 31.4  FL 7.0`

शिरोली साचा

आकडे घालून पाहिले, अनुक्रमे ३०२१ आणि २७५२ असेच येतात. तेव्हा दोन्हीकडचे गणित बरोबर आहे, फरक मापांत आहे.

नंतर मी दुसऱ्या रिपोर्टमधील डोके आणि हाड तसेच ठेवून फक्त पोटाचा घेर पहिल्या रिपोर्टचा, म्हणजे ३३.२ घातला. उत्तर ३००२ आले. याचा अर्थ २६९ ग्रॅमपैकी २५० ग्रॅम एकट्या पोटाच्या घेराने खाल्ले आणि डोके व हाड मिळून उरलेले १९ ग्रॅम. घेरात फरक आहे १८ मिलिमीटरचा.

इथे माझाच यंत्राचा मुद्दा लंगडा पडतो हे कबूल करतो. यंत्र चुकीचे मोजत असते तर तिन्ही मापे एकाच प्रमाणात कमी आली असती. इथे डोके दोन मिलिमीटरने वाढले आहे, हाड एका मिलिमीटरने कमी आहे आणि पोट एकदम खाली गेले आहे.

ध्वनिलहर

मी मिरजेत सोनोग्राफी करते आणि गेली अठरा वर्षे माझा बहुतेक दिवस गर्भवतींच्या तपासणीतच जातो. तुमच्या बहिणीच्या प्रतिमा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचे सारे त्या मर्यादेत वाचावे.

साचा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शेवटच्या महिन्यात वजनाचा आकडा मुख्यतः पोटाच्या घेरावर डोलतो आणि तिन्ही मापांत चुकायला सर्वांत सोपे मापही तेच आहे. डोक्याला हाडाची कवटी असते, तिची कड पडद्यावर पांढरी आणि स्वच्छ दिसते. मांडीचे हाडही तसेच. पोट मऊ असते, बाळ श्वासाची हालचाल करते तसे ते बदलते आणि माझ्या हातातील प्रोब जास्त दाबला गेला तर चपटेही होते.

पोटाचा घेर घेताना आम्हाला एकच विशिष्ट आडवा काप हवा असतो. त्यात जठराचा काळा फुगा दिसला पाहिजे, यकृतातून आत वळणारा नाभीच्या शिरेचा छोटा तुकडा दिसला पाहिजे आणि मूत्रपिंडे दिसता कामा नयेत. मूत्रपिंड दिसले तर काप खाली गेला, हृदय दिसले तर वर गेला, आणि दोन्हीकडे घेर सहसा कमी भरतो. काप तिरका गेला तर मात्र उलट होते. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट निघते, तसा गोल लांबट होतो आणि घेर वाढतो.

यानंतर त्या गोलाभोवती आम्ही ठिपक्यांची लंबवर्तुळाकार रेघ बसवतो. ती त्वचेच्या बाहेरच्या कडेवर बसायला हवी. तुमच्याकडे फरक १८ मिलिमीटरचा आहे. घेराला ३.१४ ने भागले की व्यासातील फरक मिळतो, तो ६ मिलिमीटरच्याही आत आहे. म्हणजे रेघ सगळीकडून ३ मिलिमीटर आत बसली की झाले अडीचशे ग्रॅम. सदतिसाव्या आठवड्यात बाळ गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असते, पाणी कमी झालेले असते, पाठीचा कणा वर आला तर त्याची सावली अर्ध्या पोटावर पडते, आणि ती ३ मिलिमीटरची कड कुठे आहे हे अनुभवी माणसालाही काही वेळा अंदाजानेच ठरवावे लागते.

गगनबावडा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तारखेने ग्रॅम बदलत नाहीत, पर्सेंटाइल मात्र बदलते. हेच बाळ ३६ आठवडे १ दिवसाचे धरले, तर २७५२ ग्रॅम तेच राहतील आणि २१ चे पर्सेंटाइल ४० च्या आसपास जाईल. तेव्हा दोन्ही रिपोर्टवर प्रसूतीची अपेक्षित तारीख एकच आहे ना, तेवढे तपासा. ती नऊ-दहा आठवड्यांच्या सोनोग्राफीवरून ठरली असेल तर उत्तम.

फुलेवाडीची थोरली

तारीख दोन्हीकडे एकच आहे आणि ती नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरूनच ठरलेली आहे. तेव्हा हा घोळ तारखेचा नाही.

आपण लिहिल्याप्रमाणे दोन्ही छपाया उजेडात धरून पाहिल्या. कोल्हापूरच्या छपाईत काळा फुगा स्पष्ट दिसतो, पण गोलाचा खालचा भाग सावलीत आहे आणि ठिपक्यांची रेघ तिथे पांढऱ्या कडेच्या थोडी आतून गेल्यासारखी वाटते. इचलकरंजीच्या छपाईत कड सगळीकडे स्वच्छ आहे. त्यातला आकार मात्र गोल नसून अंड्यासारखा लांबट आहे. माझ्या अडाणी डोळ्यांना एवढेच दिसले.

ध्वनिलहर

आपले डोळे अडाणी नाहीत. आपण सांगता तसेच असेल तर दुसरा आकडा थोडा कमी आणि पहिला थोडा जास्त, असे दोन्ही असू शकते. लोक नेहमी विचारतात की दोनपैकी खरा कोणता, तेव्हा दोन्हीही नसतील ही शक्यता कुणी धरत नाही. छपाईच्या वर्णनावरून निकाल देणे मला जमणार नाही, पण पहिला आकडा बरोबर आणि दुसरा चूक असे धरून चालू नका.

वहिनी कागलकर

मला राहवत नाही म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी अडतिसाव्या आठवड्यात मला ४.२ किलो सांगितले. "बाळ मोठे आहे, खांदे अडकतील" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिझर झाले. बाळ निघाले ३५६० ग्रॅमचे. ६४० ग्रॅमची ही चूक कुणाची? रुग्णालयाचे नाव घेत नाही, पण पोटावरचा व्रण रोज दिसतो.

ध्वनिलहर

वहिनी, आपला राग समजू शकते. हॅडलॉक यांची सूत्रे १९८५ सालची आहेत आणि ती आजही जगभर वापरली जातात. काम व्यवस्थित झाले असेल, तर सुमारे वीसपैकी एकोणीस बाळांत अंदाज खऱ्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत येतो. साडेतीन किलोच्या बाळात १५ टक्के म्हणजे पाचशे ग्रॅमच्याही वर, आणि ही सूत्राची स्वतःची हद्द आहे. आपला आकडा १८ टक्क्यांनी जास्त आला, म्हणजे आपण त्या विसाव्या बाळात मोडता. मोठ्या बाळांत सूत्र आणखी डळमळते, कारण चरबी आणि स्नायू यांचे प्रमाण प्रत्येक बाळात वेगळे असते आणि सूत्र फक्त आकार पाहते.

शिरोली साचा

हे आमच्याकडेही आहे. बाहेरची मापे तंतोतंत जुळतात आणि काट्यावर कास्टिंग हलके भरते, कारण आत पोकळी राहिलेली असते.

ध्वनिलहर

जवळपास तसेच. केवळ वजनाच्या अंदाजावरून सिझर करावे का, यावर अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की आईला मधुमेह नसेल तर ५००० ग्रॅम आणि असेल तर ४५०० ग्रॅमच्या अंदाजापासून त्याचा विचार करावा. आपल्याकडच्या बायकांचा बांधा वेगळा असल्यामुळे इथले काही डॉक्टर याहून खालची रेघ धरतात. ते योग्य की अयोग्य यावर आमच्यातही एकमत नाही. वहिनी, आपल्याला मधुमेह होता का?

वहिनी कागलकर

साखर थोडी वाढलेली होती, पथ्यावर आटोक्यात होती. हे ५००० चे मला त्या वेळी कुणी सांगितले असते, तर निदान दोन प्रश्न तरी विचारले असते. माझे समाधान झालेले नाही, पण या धाग्याचा विषय तो नाही, म्हणून थांबते.

गगनबावडा

तारखेबद्दलची दुरुस्ती मान्य. मग दोन्ही वजनांची सरासरी काढून २८८६ धरावे का?

ध्वनिलहर

दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या दिवशी मापे घेतली असल्यामुळे सरासरीने चूक थोडी घटेल, इतपत ठीक आहे. वाढ मात्र त्यातून कळणार नाही. वाढ पाहायची तर दोन तपासण्यांमध्ये निदान दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत. या दिवसांत बाळ दिवसाला साधारण पंचवीस-तीस ग्रॅमने वाढते, म्हणजे सहा दिवसांत दीड-पावणेदोनशे ग्रॅम, आणि मापाची चूकच त्याहून मोठी आहे. शक्यतो केंद्र तेच आणि माणूसही तोच ठेवावा.

आता काळजी कधी करायची तेही सांगते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पोटाचा घेर तिथेच अडलेला असणे, पाणी घटत जाणे किंवा डॉप्लर बिघडणे ही लक्षणे गंभीर असतात आणि ती ग्रॅमच्या आकड्याआधी पाहिली जातात. आपल्याकडे पाणी आणि डॉप्लर दोन्ही चांगले आहेत, म्हणूनच मॅडम शांत आहेत. बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

फुलेवाडीची थोरली *(अकरा दिवसांनंतर)*

काल ३८ आठवडे ४ दिवसांवर तिसरी सोनोग्राफी झाली. सासूबाईंच्या आग्रहाखातर आणि येथील सल्ल्यालाही धरून ती इचलकरंजीच्या पहिल्याच केंद्रात केली. `HC 33.0  AC 34.0  FL 7.2`, वजन ३२२० ग्रॅम. पाणी आणि डॉप्लर ठीक. "बघा, आमचेच यंत्र खरे" असे सासूबाईंनी जाहीर करून टाकले आहे.

शिरोली साचा

गणित तपासले, ३२२० बरोबर आहे. म्हणजे कोल्हापूरच्या केंद्रानेच कमी मोजले होते, माझा पहिला संशय अगदीच वाया गेला नाही.

ध्वनिलहर

घाई करू नका. पहिल्या आणि तिसऱ्या तपासणीत १६ दिवस गेले आणि वाढ १९९ ग्रॅमची दिसते, म्हणजे दिवसाला बारा-तेरा ग्रॅम. हे अपेक्षेच्या निम्मे आहे. दुसऱ्यापासून मोजले तर १० दिवसांत ४६८ ग्रॅम, हे दुपटीच्या जवळ जाते. दोन्ही वाढी बाळाच्या वाटत नाहीत, मापणाऱ्या हातांच्या वाटतात. पोटाचा घेर त्याच केंद्रात ३३.२ वरून ३४.० झाला, म्हणजे तो अडलेला नाही. सध्या मी एवढ्यावरच समाधान मानेन.

फुलेवाडीची थोरली *(आणखी पाच दिवसांनंतर)*

परवा पहाटे, ३९ आठवडे १ दिवस पूर्ण असताना, बहिणीची नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी आहे, दोघीही सुखरूप आहेत. वजन भरले २९८० ग्रॅम.

शिरोली साचा

अभिनंदन! एक विचारू का, काटा शून्यावर होता ना? दुपट्यासकट वजन केले असेल तर शे-दीडशे ग्रॅम त्यातच जातात.

फुलेवाडीची थोरली

मी स्वतः समोर उभी होते. सिस्टरांनी ट्रेवर हिरवे कापड अंथरले, काटा शून्यावर आणला आणि मग बाळाला उघडेच ठेवले. २९७५ आणि २९८० असा आकडा हलत होता, शेवटी २९८० वर थांबला.

शिरोली साचा

मग आता हिशेब मांडतो. दिवसाला २५ ग्रॅम वाढ धरली तर पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे जन्माच्या वेळी ३५२१ ग्रॅम हवे होते, दुसऱ्याप्रमाणे ३१०२ आणि तिसऱ्याप्रमाणे ३३२०. प्रत्यक्षात २९८०. पहिली ५४१ ग्रॅमने चुकली, तिसरी ३४० ने आणि दुसरी फक्त १२२ ने. ज्या केंद्राला आपण सगळ्यांनी नावे ठेवली तेच सर्वांत जवळ होते. मी माझे शब्द मागे घेतो.

ध्वनिलहर

ती शेवटची दुरुस्तीही थोडी मागे घ्या. एका बाळावरून केंद्राची परीक्षा होत नाही. त्या छपाईत रेघ खरेच आत बसलेली होती असे धरले, तर योग्य जागी बसवल्यावर आकडा वर गेला असता आणि चूक वाढलीच असती. या वेळी एका चुकीने दुसरी चूक झाकली असण्याची शक्यता आहे. शिवाय ही मुलगी कदाचित अंगाने सडपातळ आणि आकाराने भरलेली असेल. तसे असेल तर अगदी अचूक मापांनीही सूत्राने तिचे वजन जास्तच सांगितले असते. यातले नेमके काय झाले ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

इचलकरंजीचे दोन्ही अंदाज एकाच दिशेने चुकले, ही गोष्ट मात्र मला कुतूहलाची वाटते. तिसऱ्या वेळच्या छपाईत पोटाचा आकार पुन्हा अंड्यासारखाच होता का? तसे असेल तर तिथे काप थोडा तिरका घेण्याची सवय असू शकते. मी स्वतः माझ्या अंदाजांपुढे नंतर जन्मवजन लिहून ठेवायला लागले, तेव्हा काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की कणा वर असलेल्या बाळांत माझा हात नेहमी जास्त मोजतो. पडद्यासमोर बसून ते मला कधीच कळले नसते.

फुलेवाडीची थोरली

ती फाइल इचलकरंजीलाच राहिली आहे. बारशाला सासूबाई येताना घेऊन येणार आहेत, तेव्हा पाहून सांगते. २९८० हा आकडा त्यांना फोनवर कळवला, तर त्या म्हणाल्या, "कोल्हापूरचा काटा तपासून घ्या."